सरकारी नोकरी सोडून खासगी कंपनीत आलो, "स्लो आहात" असं ऐकावं लागतंय

प्रश्न: १४ वर्षं सरकारी खात्यात इंजिनिअर होतो, खरेदी आणि टेंडरचं काम बघायचो. तीन महिन्यांपूर्वी एका खासगी कंपनीत प्रोक्युरमेंट मॅनेजर म्हणून जॉइन झालो. सकाळी नऊ ते रात्री आठ काम करतो तरी बॉस म्हणतो स्लो आहात, ओनरशिप घेत नाही. दर आठवड्याला टार्गेट विचारतात. दोन ऑर्डरी लेट आहेत, व्हेंडरमुळे, त्याचंही मलाच ऐकावं लागतं. मी कुठे कमी पडतोय? वेग कसा वाढवायचा?

उत्तर:

मी स्वतः ११ वर्षं सरकारी खात्यात भांडार आणि खरेदी विभागात होते, त्यानंतर गेली ९ वर्षं खासगीत आहे, आणि आता माझ्या टीममध्ये सरकारी नोकरीतून आलेली तीन माणसं आहेत. त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते मी दोन्ही बाजूंनी बघितलंय, ऐकून घेणारी म्हणूनही आणि बॉस म्हणूनही.

आधी एक सांगते, यातलं बरंचसं तुमची कंपनी कशी आहे त्यावर आहे. मोठ्या, जुन्या कंपनीत मंजुरीच्या पायऱ्या सरकारी ऑफिसइतक्याच असतात, तिथे कोणी स्लो म्हणत असेल तर त्याचा अर्थ वेगळा. नवीन, छोट्या कंपनीत नियमच लिहिलेले नसतात, तिथे तुम्हाला नियम शोधण्यातच अर्धा वेळ जात असेल. तुमचं टार्गेट कागदावर आहे की बॉसच्या डोक्यात आहे, ते तुम्ही येण्याआधी ठरलेलं की तुमच्याशी बोलून, हेही तुम्ही सांगितलं नाहीये. आणि तीन महिने हा तसा लहानच काळ आहे. पण तुम्ही ११ तास काम करताय म्हणजे प्रश्न मेहनतीचा नाही, आणि खरं सांगायचं तर वेगाचाही नाही. जबाबदारी कशाची, हे दोन्हीकडे वेगळं आहे आणि तुमचे हात अजून जुन्या जबाबदारीप्रमाणे चालतायत, असं मला वाटतं.

सरकारी खात्यात आपली जबाबदारी असते रस्त्याची. फाइल चार वर्षांनी ऑडिटसमोर उघडली तर प्रत्येक टिप्पणी, प्रत्येक सही, प्रत्येक स्मरणपत्र जागेवर पाहिजे. माल उशिरा आला आणि फाइल पक्की असेल तर माणूस सुटतो, माल वेळेवर आला आणि फाइल कच्ची असेल तर माणूस अडकतो. यात चूक काही नाही, पैसा लोकांचा आहे आणि निर्णय प्रामाणिक होता हे दाखवायचा तोच मार्ग आहे. खासगीत तुमची जबाबदारी असते तारखेची आणि निकालाची, आणि त्याहून जास्त म्हणजे तारीख हुकणार असेल तर ते किती आधी सांगितलं याची. हे शेवटचं कोणी इंटरव्ह्यूत सांगत नाही, जॉइन झाल्यावरही नाही, कारण जे पहिल्यापासून खासगीत आहेत त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

मला ते कसं कळलं ते सांगते. जॉइन होऊन मला चौथा महिना चालू होता. एका प्रोजेक्टसाठी आठ इलेक्ट्रिकल पॅनेल मागवली होती, तारीख महिन्याची ६. व्हेंडर घसरला. मी सवयीप्रमाणे पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, मग जरा कडक भाषेतली नोटीस असं सगळं केलं, प्रत्येकाची प्रिंट काढून फाइलला लावली, आणि रिव्ह्यू मीटिंगला ती फाइल घेऊन अगदी निर्धास्त गेले. बॉसने फाइल उघडलीसुद्धा नाही. त्याने दोनच प्रश्न विचारले, "आता माल कधी येणार?" आणि "उशीर होणार हे तुम्हाला कधी कळलं?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर होतं आणि तेच वाईट होतं, मला १६ दिवस आधी कळलं होतं. व्हेंडरच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की त्याच्याकडे ब्रेकर आलेले नाहीत. मी ते पत्रात लिहून घेतलं आणि पत्राला उत्तर यायची वाट बघितली. त्या १६ दिवसांत बॉस दुसऱ्या साइटवरचे ब्रेकर वळवू शकला असता, साइटच्या लोकांना दुसरं काम देऊ शकला असता, क्लायंटशी बोलू शकला असता. माझ्या पत्रांनी मी सुरक्षित झाले होते, प्रोजेक्ट नाही.

त्या दिवशी मला खूप लागलं होतं, कारण मी काम केलं नव्हतं असं नाही, खूप केलं होतं. पण "ओनरशिप घेत नाही" याचा अर्थ मला तेव्हा कळला. तुमच्या त्या दोन ऑर्डरींमध्ये दोष व्हेंडरचाच असेल, आणि तो दोष तुमच्यावर कोणी टाकतही नसेल. विचारतायत ते हे की व्हेंडर घसरतोय हे कळल्यावर तुम्ही काय हलवलंत.

म्हणून पहिली गोष्ट मी तुम्हाला सांगेन ती वाईट बातमी सांगण्याची. सरकारी ऑफिसात आपण वाईट बातमी पूर्ण खात्री झाल्याशिवाय वर नेत नाही, आणि नेतो तेव्हा आधीचा सगळा इतिहास, संदर्भ पत्र क्रमांक एक ते सात, जोडून नेतो. इथे उलट. शंका ५० टक्के झाली की सांगायचं. इतिहास मागितला तर द्यायचा. मी आता असं लिहिते, हे खरंच पाठवलेल्या मेलसारखं आहे:

"पॅनेल ६ तारखेला यायची होती, आता २४ च्या आत येणार नाहीत असं दिसतंय. व्हेंडरकडे ब्रेकर आलेले नाहीत, काल त्याच्या प्रॉडक्शनवाल्याशी बोलून खात्री केली. साइटवर केबल टाकणं चालू राहील, पण चार्जिंग अडेल. दोन मार्ग आहेत, दुसऱ्या साइटसाठी आलेले ब्रेकर व्हेंडरला देणे (मग १२ तारीख जमते), किंवा आठपैकी चार पॅनेल आधी घेणे. मला पहिला बरा वाटतो कारण त्या साइटला ते ब्रेकर पुढच्या महिन्यात लागणार आहेत. गुरुवारपर्यंत होकार मिळाला तर शुक्रवारी गाडी निघेल."

यात काय आहे बघा. नवी तारीख आहे, कारण एका ओळीत आहे, काय अडतं आणि काय नाही हे आहे, पर्याय आहेत, आणि माझं मत आहे. हे मत लिहिणं सरकारीतून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं. आपल्याला "आदेशार्थ सादर" लिहायची सवय असते, म्हणजे दोन्ही बाजू मांडायच्या आणि निर्णय वरच्याने घ्यायचा. खासगीत दोन पर्याय देऊन मत न देणं म्हणजे काम अर्धं टाकून देणं समजतात. मत चुकलं तरी चालतं, बॉस म्हणेल नको दुसरं करू, संपलं. मत नसणं चालत नाही.

आता वेगाबद्दल. माझा पहिला समज होता की हे लोक भराभर काम करतात म्हणून मीही भराभर करावं, म्हणून मी उशिरापर्यंत बसायचे. काहीही फरक पडला नाही. मग मी एक केलं, एकच खरेदी घेतली, मागणी आली त्या दिवसापासून ऑर्डर गेली त्या दिवसापर्यंत रोज डायरीत लिहिलं की आज ही फाइल कुठे आहे आणि कोणाची वाट बघतेय. एकूण २३ दिवस लागले. त्यात माझं प्रत्यक्ष काम, म्हणजे फोन, तक्ता, वाटाघाटी, सगळं मिळून जेमतेम ९ तास होतं. बाकी सगळं थांबणं.

थांबणं कुठे कुठे होतं ते लिहिते कारण मला खात्री आहे तुमचंही साधारण असंच निघेल. ५ दिवस तिसऱ्या कोटेशनची वाट. दोन चांगली कोटेशन आली होती, पण तीन पाहिजेत हे माझ्या अंगात भिनलेलं. नंतर कंपनीचा नियम वाचला तर एका रकमेच्या वरच्या खरेदीलाच तीन कोटेशन लागत होती आणि माझी खरेदी त्याच्या खाली होती. ४ दिवस टेक्निकल शंका, कारण मी एक शंका पाठवायचे, उत्तर आलं की दुसरी पाठवायचे. ६ दिवस मंजुरीत, आधी टेक्निकलवाल्याला मेल, त्याचं उत्तर आलं की फायनान्सला, मग बॉसला, अगदी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते तशी. ३ दिवस माझ्याच टेबलावर, तुलनात्मक तक्ता नीटनेटका करत बसले होते. आणि ५ दिवस खरोखर व्हेंडरचे, ज्याला इलाज नव्हता. म्हणजे २३ पैकी १८ दिवस माझ्या पद्धतीचे होते, आणि त्यातला एकही दिवस मी आळशीपणा केला म्हणून गेला नव्हता.

पुढच्या खरेदीत मी शंका सगळ्या एकत्र एका फोनवर विचारल्या, तिघांना एकाच वेळी मेल टाकला, तक्ता एका पानाचा केला. १० दिवसांत ऑर्डर गेली. मी संध्याकाळी सहाला घरी जायला लागले तेव्हा माझा वेग वाढला होता, उशिरा बसत होते तेव्हा नाही. तेव्हा तुम्हीही एक खरेदी निवडा आणि दिवस मोजा, तास नको.

यासाठी एक कागद मिळवा, बहुतेक कंपन्यांत असतो, कोणाला किती रकमेपर्यंत कशाला मंजुरी देता येते त्याचा तक्ता, डेलिगेशन ऑफ अथॉरिटी म्हणतात, डीओए. फायनान्सवाल्याकडे नक्की असेल. माझ्या टीममधल्या एकाने सहा महिने अशा गोष्टींना मंजुरी मागितली ज्या त्याच्या स्वतःच्या अधिकारात होत्या, आणि बॉसला वाटत राहिलं की हा निर्णय टाळतोय. तो टाळत नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. सरकारीत अधिकारांचे आदेश आपल्याला पाठ असतात, इथे तो कागद कोणी हातात देत नाही, मागून घ्यावा लागतो.

आणि मंजुरी मागायची भाषा बदला. "कृपया मान्यता मिळावी" असं लिहिलं की समोरच्याला वाचून, समजून, उत्तर द्यावं लागतं, आणि ते मेल तळाला जाऊन बसतं. त्याऐवजी "मी अमुक व्हेंडरला, अमुक अटींवर ऑर्डर देतेय, उद्या दुपारी दोनला पाठवेन, काही बदल हवा असेल तर त्याआधी सांगा." हे चालतं जेव्हा निर्णय तुमच्या अधिकारातला आहे आणि चुकला तर फिरवता येतो. जिथे रक्कम तुमच्या अधिकाराच्या वर आहे, करार कायमचा आहे, अ‍ॅडव्हान्स जाणार आहे, किंवा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तिथे कोणाचं गप्प बसणं म्हणजे होकार असं कधीच धरायचं नाही, तिथे लेखी हो येईपर्यंत थांबायचं आणि फोन करून करून ते मिळवायचं. ही रेघ तुम्हाला दुसऱ्यांपेक्षा चांगली कळेल, तो तुमचा सरकारी अनुभव आहे, तो टाकू नका.

आता सगळ्यात कमी दराबद्दल बोलायला हवं, कारण टेंडरमधून आलेल्या प्रत्येकाचा पाय इथे अडकतो. एल-वन सोडून दुसऱ्याला ऑर्डर द्यायची म्हटलं की आपल्याला घाम फुटतो, बरोबर ना? खासगीत दर हा खर्चाचा एक भाग. समजा एकाचा दर १०० आहे आणि तो ९ आठवड्यांत देतो, दुसऱ्याचा १०६ आहे आणि तो ६ आठवड्यांत देतो. साइटला माल सहाव्या आठवड्यात लागणार आहे आणि माल नसेल तर तिथली माणसं आणि भाड्याची क्रेन नुसती उभी राहते, त्याचा खर्च आठवड्याला ४. तर पहिला पडतो १०० अधिक तीन आठवड्यांचे १२ म्हणजे ११२, दुसरा १०६. म्हणजे स्वस्त दुसरा. पण तुम्ही साइटला फोन केला आणि कळलं की फाउंडेशनच आठव्या आठवड्यात तयार होणार आहे, माणसं आणि क्रेन तेव्हाच येणार, तर पहिल्याचा उशीर एकाच आठवड्याचा, १०४, आणि मग तोच स्वस्त. म्हणजे निर्णय कोटेशनच्या तक्त्यात नव्हता, त्या एका फोनमध्ये होता. हा हिशोब चार ओळींत ऑर्डरच्या फाइलला लावून ठेवा. तुम्ही १०६ वाल्याला का दिलं हे कोणी विचारलं तर उत्तर तयार, आणि तुमच्यातल्या ऑडिटला घाबरणाऱ्या माणसालाही रात्री झोप लागेल. मला लागली.

टार्गेटकडे येते. तुम्हाला दर आठवड्याला विचारतात याचा त्रास होतोय कारण टार्गेट तिमाहीच्या शेवटी आहे असं तुम्ही धरून चाललाय, मीही धरायचे. सरकारीत वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत सगळं ओढून नेता येतं, बिलं निघतात, निधी खर्च होतो, आकडा जमतो. इथे तसं जमत नाही आणि का जमत नाही ते मोजून बघा. तिमाही १३ आठवड्यांची. समजा टार्गेट आहे ४० वस्तू तेराव्या आठवड्याच्या शेवटी साइटवर पोचलेल्या. व्हेंडरला बनवून पाठवायला ६ आठवडे लागतात, म्हणजे शेवटची ऑर्डर सातव्या आठवड्याच्या शेवटी गेलीच पाहिजे. वाटाघाटी आणि मंजुरीला २ आठवडे, म्हणजे मागणी पाचव्या आठवड्याच्या शेवटी तुमच्या हातात पूर्ण पाहिजे. पहिले दोन आठवडे आपण "परिस्थितीचा अभ्यास" करण्यात घालवले तर उरले तीन. म्हणजे टार्गेट लिहिलंय तेराव्या आठवड्याचं, पण खरी मुदत आहे पाचव्याची. सातव्या आठवड्यानंतर तुम्ही रात्रंदिवस बसलात तरी त्या तिमाहीचा आकडा फारसा हलत नाही, फक्त पाठपुरावा उरतो.

हे एकदा समजलं की आठवड्याच्या मीटिंगमध्ये काय सांगायचं तेही कळतं. "४० पैकी ३ आल्या" हे सांगून उपयोग नाही, तो आकडा सुरुवातीला वाईटच दिसणार. तुम्ही सांगा, "४० पैकी ३१ च्या मागण्या पूर्ण झाल्या, २२ च्या ऑर्डरी गेल्या, उरलेल्या ९ मागण्यांपैकी ५ डिझाइनकडे अडल्यात, या शुक्रवारपर्यंत आल्या नाहीत तर त्या ५ या तिमाहीत येणार नाहीत." हे वाक्य पाचव्या आठवड्यात बोललात तर तुम्ही ओनरशिप घेणारे, बाराव्या आठवड्यात बोललात तर कारणं देणारे. माहिती तीच आहे.

एक प्रश्न बॉसला सरळ विचारा, हे टार्गेट पूर्ण झालंच पाहिजे असं आहे की ताणून ठेवलेलं आहे? बऱ्याच कंपन्यांत दोन्ही प्रकार असतात आणि नवीन माणसाला ते कळत नाही. टार्गेट ठरवायची ओकेआर नावाची जी पद्धत इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी आणली आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेली, तिच्यात गूगलने हे उघडच ठरवून ठेवलंय की ताणलेल्या टार्गेटचं ७० टक्के झालं तरी ते चांगलं, पण कबूल केलेलं मात्र पूर्णच व्हायला हवं. सरकारीतून आलेला माणूस प्रत्येक आकडा कबूल केलेल्या प्रकारचा समजतो, ७० टक्क्यांवर पोचून अपराधी वाटून घेतो, किंवा मग पुढच्या वेळी घाबरून खूप कमी आकडा कबूल करतो. दोन्ही वाईट. तुमच्या कंपनीत ओकेआर नसेलही, पण प्रश्न विचारता येतोच.

टार्गेटचा एक धोकाही सांगून ठेवते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आहे, ज्या आकड्यावर धोरण चालवायला लागाल तो आकडा भरवशाचा राहत नाही. खरेदीत हे रोज दिसतं. बचतीचं टार्गेट दिलं की काही लोक व्हेंडरला आधी चढा दर द्यायला सांगतात आणि मग "वाटाघाटी करून" १० टक्के खाली आणतात, कागदावर बचत, प्रत्यक्षात शून्य. तुम्ही यात पडू नका, शेजारचा पडत असला तरी. बचत मोजायची तर मागच्या खरेदीच्या दराशी मोजा आणि तसं लिहून ठेवा. तुमचा आकडा लहान दिसेल पण दोन-तीन तिमाहीत फायनान्सवाल्यांना कळतं कोणाचा आकडा खरा असतो, आणि तेच पुढे कामाला येतं.

लेखी ठेवायची सवय सोडायची का, असं माझ्या टीममधल्या एकाने मला विचारलं होतं. अजिबात नाही, लहान करायची. फोनवर काही ठरलं की दहा मिनिटांत तीन ओळींचा मेल, काय ठरलं, कोण करणार, कधी. एकदा एका व्हेंडरने डिलिव्हरीच्या वेळी म्हटलं की वाहतूक खर्च वेगळा द्यायचं तोंडी ठरलं होतं. माझा तीन ओळींचा मेल निघाला, त्यात "दर साइटपोच" असं स्पष्ट होतं आणि त्याचं "ओके" असं उत्तरही होतं. पाच मिनिटांत विषय संपला. माझ्या खासगीत वाढलेल्या सहकाऱ्यांकडे हे नसतं, करार बारकाईने वाचणंही नसतं, तुमच्याकडे दोन्ही आहे. फरक इतकाच की सरकारीत नोंद काम करण्याआधी व्हायची आणि काम तिच्यासाठी थांबायचं, इथे नोंद कामाबरोबर चालते.

बाकी वयाने लहान बॉस, नावाने हाक मारणं, कोणी "साहेब" न म्हणणं, शिपाई नसणं, यांचा त्रास होतो पण दोन-चार महिन्यांत आपोआप जातो, त्यात वेळ घालवू नका.

सुधारणा होतेय की नाही हे ओळखायची माझी एक खूण आहे. आठवड्यात किती वेळा बॉसने तुम्हाला "त्याचं काय झालं?" विचारलं आणि किती वेळा त्याने विचारायच्या आधी तुम्ही सांगितलं, हे मोजा. माझं पहिल्या महिन्यांत सगळं पहिल्या खात्यात होतं. ज्या आठवड्यात दुसरं खातं मोठं झालं त्याच सुमारास तो माझ्या कामात डोकावायचा थांबला, तेव्हा मला काही वेगळं बोलावं लागलं नाही.

उलट खुणाही माहीत असू द्या. मीटिंगमध्ये तुम्हाला प्रश्न विचारणं बंद झालं, तुमच्या ऑर्डरींचा पाठपुरावा दुसऱ्या कोणाला सांगितला गेला, "लेखी फीडबॅक देतो" असं कानावर आलं, तर वाट बघू नका, स्वतः जाऊन अर्धा तास मागा आणि विचारा, पुढच्या ६० दिवसांत काय दिसलं तर तुम्ही समाधानी असाल, तीन गोष्टी सांगा. लिहून घ्या, मेलवर पाठवा. याचंच औपचारिक रूप म्हणजे पीआयपी, परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, बहुतेक ठिकाणी ३० ते ९० दिवसांचा असतो, आणि तो कागद हातात आल्यावर हे बोलणं फार अवघड होतं. आधी तेच बोलणं साधं असतं.

आणि काही वेळा चूक तुमची नसते हेही तितकंच खरं. तारीख तुम्हाला न विचारता क्लायंटला दिली जाते आणि मग तुमची म्हणून सांगितली जाते, टार्गेट मध्येच बदलतं आणि कुठे लिहिलेलं नसतं, किंवा माल न येता आल्याची सही करायला सांगतात. पहिल्या दोन गोष्टींत मेल टाका, "ही तारीख माझ्या हिशोबाने अमुक आहे, त्याआधी हवी तर हे हे लागेल." तिसऱ्यात तुमचं सरकारी मन जे सांगेल तेच बरोबर, सही करायची नाही, कितीही घाई असली तरी, आणि कोणी त्याला स्लो म्हटलं तर म्हणू द्या. माल पावतीवर खोटी सही केलेल्या माणसाला कंपनी नंतर वाचवत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

त्या दोन लेट ऑर्डरींसाठी सोमवारची वाट बघू नका. दोन्ही व्हेंडरच्या सेल्सवाल्याला नको, प्रॉडक्शनवाल्याला फोन करा, सेल्सवाला नेहमी "दोन दिवसांत" म्हणतो. त्याला विचारा, कोणता भाग आलेला नाही आणि तो कधी येणार. जमलं तर एका ठिकाणी स्वतः जाऊन बघा, माल मशीनवर आहे की अजून ड्रॉइंगवरच, ते बघितल्यावर पाच मिनिटांत कळतं. मग साइटला फोन, काय अडतंय आणि काय चालू राहू शकतं. मग वर लिहिलाय तसा मेल, नवी तारीख, कारण, पर्याय, तुमचं मत. नवी तारीख देताना व्हेंडर म्हणतो तीच देऊ नका, तो याआधी किती घसरलाय ते बघून त्यात तेवढे दिवस घाला, कारण दुसऱ्यांदा हुकलेली तारीख पहिल्यापेक्षा खूप महाग पडते. मेल टाकल्यावर काय उत्तर आलं ते इथे लिहा, आणि तुमच्या खरेदीचे दिवस मोजलेत तर तेही टाका, त्यातले कुठले कमी होतील ते आपण बघू.